चकलीने नेमके किती तेल प्यायले? कढई तोलून काढायचा हिशेब

कच्ची चकली पंचवीस ग्रॅमची असते आणि तळून निघाली की साडेसतरा ग्रॅमची भरते. म्हणजे तेलात जाऊन ती हलकी होऊन येते. रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंना हे दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हिने तेल प्यायलेच नाही की!" प्यायलेली असते, चांगले चार ग्रॅम. पण त्याच वेळी तिच्यातले अकरा-बारा ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलेले असते, त्यामुळे तळलेला पदार्थ तोलून तेलाचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो कढईतल्या तेलावरून. तळणीच्या आधी आणि नंतर ते नीट तोलायचे, आणि मधल्या चार-पाच गळत्या पकडायच्या.

काकू दिवाळीला ऑर्डरचा फराळ करतात. यंदा त्यांना हा आकडा दोन कारणांनी हवा होता. काकांना डॉक्टरांनी दिवसाचे तेल मोजून खायला सांगितले आहे, आणि पिशवीवर भाव लिहिताना तेलाचा खर्च अंदाजाने धरायचा त्यांना कंटाळा आला होता. मी इंदूरच्या एका नमकीनच्या कारखान्यात बरीच वर्षे तोलाचे काम केले आहे, तेव्हा ही चकलीची तळण आम्ही दोघींनी मिळून तोलली. तीच इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. पुऱ्या, शेव, गराडूच्या कंदाचे काप, काहीही तळा, रीत हीच.

आधी माप का नको ते सांगते. बहुतेक घरांत "बाटली एवढी होती, आता एवढी उरली" असा हिशेब होतो. तेल तापले की फुगते. साध्या तापमानाचे तेल तळणीच्या आचेला आले की त्याचे आकारमान साधारण दहा टक्क्यांनी वाढते. म्हणूनच अर्धा घाणा निघाला तरी कढई भरलेलीच दिसते, आणि सकाळी पाहावे तर तेल खूप खाली गेलेले असते. शिवाय पिशवीवरचे एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे. ते सुमारे ९१० ग्रॅम असते आणि पिशवीवर तसे छापलेलेही असते. वजन मात्र तेल गरम असो की गार, बदलत नाही.

काटा पाच किलोपर्यंतचा आणि एक ग्रॅम दाखवणारा हवा. दोन किलोचा छोटा काटा चालत नाही, कारण तेलासकट लोखंडी कढई त्याहून जड भरते. कढईचा तळ गोल असतो, म्हणून ती स्टीलच्या कड्यावर ठेवायची आणि ते कडे प्रत्येक तोलाला कढईबरोबरच राहू द्यायचे. कापडाची चुंबळ घेऊ नका, ती तेल पिते आणि हिशेबात घोळ घालते. रुंद कढईखाली काट्याचे आकडे झाकले जातात. तेव्हा काट्यावर आधी एक डबा पालथा घालावा, त्यावर कडे, त्यावर कढई. हा डबाही दर वेळी तोच असू द्यावा.

काटा बरोबर चालतो का हे पाहायची सोपी युक्ती आहे. तेलाने भरलेली कढई काट्यावर असतानाच तिच्या काठावर एखादी माहीत वजनाची वस्तू ठेवा. आम्ही मसाल्याची एक पुडी आधी एकटी तोलली होती, ती ५४ ग्रॅम भरली. कढईवर ठेवल्यावर आकडा ५४ ने वाढला. पाच-सहाचा फरक आला असता तर तो काटा या कामाचा नव्हे. आपल्याला तीन-साडेतीन किलोच्या वजनातून दीड-दोनशे ग्रॅमचा फरक वाचायचा आहे, म्हणून हलका पदार्थ तोलताना बरोबर असलेला काटा जड वजनावरही बरोबर आहे हे पाहणे भाग आहे.

शून्य करायचे बटण मी वापरत नाही. हे काटे दोन-चार मिनिटांत आपोआप बंद होतात आणि शून्य पुसले जाते. त्यापेक्षा भांड्यासकट जे वजन दिसेल ते वहीत लिहावे आणि वजाबाकी नंतर करावी. वहीत प्रत्येक आकड्यासमोर "कशासकट" ते लिहिले नाही तर दुसऱ्या दिवशी काही उमगत नाही.

आता आमची तळण. भाजणी ५०० ग्रॅम, मोहनाचे तेल ६०, तीळ-तिखट-मीठ-ओवा मिळून ४५, आणि पाणी ४७०. एकूण १,०७५ ग्रॅम. पीठ भिजवून सोऱ्यातून पाडून झाल्यावर परातीला आणि सोऱ्याला चिकटून किती राहिले तेही तोलले. रिकामी परात आणि सोऱ्या आधी तोलून ठेवले होते. २५ ग्रॅम राहिले, म्हणजे कढईत गेले १,०५० ग्रॅम पीठ. चकल्या बेचाळीस झाल्या.

कढईत सोयाबीनचे तेल ओतले आणि आच लावण्याआधी कढई काट्यावर चढवली. कडे, डबा सगळ्यासकट ३,३२० ग्रॅम. मोकळा झारा तोलला. चकल्या निथळत ठेवायची जाळी आणि तिच्याखालची थाळी एकत्र तोलली. शेगडीभोवती ओट्यावर अंथरायला चार कागद घेतले, तेही तोलून ठेवले. निथळायला रद्दीचा कागद किंवा टिपकागद काकूंनी काढला होता, तो मी बाजूला ठेवायला लावला. रद्दीवर शाई असते म्हणून ती खाण्याला लावू नये हे एक, आणि कागद किती तेल ओढतो ते वेगळे काढत बसावे लागते हे दुसरे. जाळीखालच्या थाळीत पडलेले तेल सरळ तोलता येते.

मध्ये तेल घालावे लागले तर ते डोळ्यांनी ओतू नका. तेलाची बरणी आधी तोला, ओता, मग पुन्हा तोला. आमच्या बरणीतून १५० ग्रॅम गेले. बहुतेकांचा हिशेब इथेच बिघडतो, कारण त्या घाईत कढईवर लक्ष असते आणि बरणी तोलायची राहून जाते. बरणी काट्यावरच ठेवून द्यावी म्हणजे आठवण राहते.

तळून झाल्यावर पहिला मोह होतो तो लगेच कढई तोलायचा. तो आवरा. मी पहिल्यांदा हा प्रयोग घरी केला तेव्हा पाटावर कोमट कढई ठेवून तोलली होती. आकडा थांबेचना, पंधरा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होत राहिला. काट्याच्या आतली पट्टी तापली की तो भरकटतो, आणि गरम कढईने वरचे प्लास्टिक मऊ पडायची भीती असते. गरम तेल उचलून इकडून तिकडे नेणे हा धोका तर वेगळाच. दीड किलो तेलाची लोखंडी कढई गार व्हायला तीन-चार तास सहज जातात. आम्ही रात्री तळले, कढईवर जाळीची चाळण पालथी घातली आणि सकाळी तोलले. घट्ट झाकण घालू नका. त्याला आतून दव धरते आणि थेंब तेलात पडतात.

सकाळी कढई भरली ३,२७६ ग्रॅम. सुरुवातीचे ३,३२० आणि वरून घातलेले १५० मिळून ३,४७०. त्यातून ३,२७६ गेले की राहतात १९४. काकूंनी लगेच वहीत लिहिले, "चकल्या १९४ ग्रॅम तेल प्याल्या." नाही. १९४ ग्रॅम कढईतून कमी झाले एवढेच खरे. ते सगळे चकल्यांत गेलेले नसते.

जाळीखालच्या थाळीत २२ ग्रॅम निथळलेले होते. ते चकल्यांतून बाहेर आलेले आहे, तेव्हा वजा. झाऱ्याला चिकटलेले ६ ग्रॅम वजा. ओट्यावरचे कागद ९ ग्रॅमने जड झाले होते, ते उडालेले तुषार, तेही वजा. कागद सकाळीच तोलावेत, कारण रात्री त्यांच्यावर वाफेचा ओलावाही असतो आणि तो वाळायला हवा.

आता एक उलटी बेरीज आहे आणि ती बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही. कढईच्या तळाशी चकल्यांचे काटे, तीळ आणि चुरा बसलेला असतो. कढई तोलताना तो तेल म्हणून तोलला जातो. म्हणजे जेवढा चुरा, तेवढे तेल आपल्याला शिल्लक असल्यासारखे भासते. कढई तोलून झाल्यावर तेल धातूच्या गाळणीतून गाळा, अर्धा तास निथळू द्या आणि चुरा तोला. आमचा ८ ग्रॅम निघाला. तो मिळवायचा. त्या चुऱ्यातही थोडे तेल असते, पण त्याने दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडत नाही, तेवढी चूक मी सोडून देते. फडक्यातून मात्र गाळू नका, फडकेच पंधरा-वीस ग्रॅम तेल धरून बसते.

सगळे मिळून असे झाले:

१९४ + ८ − २२ − ६ − ९ = १६५ ग्रॅम

बेचाळीस चकल्यांनी कढईतून १६५ ग्रॅम तेल घेतले. एकीच्या वाट्याला सुमारे ३.९ ग्रॅम.

काकूंचा पुढचा प्रश्न बरोबर होता. कढईच कशाला तोलायची, तेल डब्यातून ओतले आणि उरलेले डब्यात परत घातले तर डबाच तोलता येईल ना? येईल, पण कढईच्या अंगाला, गाळणीला आणि नरसाळ्याला जे तेल चिकटून राहते ते सगळे मग चकल्यांच्या नावावर लागते. जुन्या लोखंडी कढईला ते बरेच चिकटते. कढईसकट तोलले की अंगाला चिकटलेले तेल आधीही आत असते, नंतरही आतच असते, हिशेबातून ते आपोआप सुटते.

आकडा आला, पण तो खरा आहे हे कशावरून? यासाठी दुसऱ्या बाजूने पडताळा घ्यावा, आणि मला हाच भाग सगळ्यांत आवडतो, कारण चूक झाली असेल तर ती इथे बोलते. गार झालेल्या सगळ्या चकल्या डब्यात भरण्याआधी तोलल्या, ७३२ ग्रॅम भरल्या. कढईत गेलेले पीठ १,०५० ग्रॅम, त्यात १६५ तेल आले. झाले १,२१५. त्यातले ८ ग्रॅम चुरा होऊन कढईत राहिले आणि ७३२ हातात आले. उरलेले ४७५ ग्रॅम गेले कुठे? वाफ होऊन. आता पिठात पाणी किती होते ते पाहा. ४७० घातले होते, त्यातले थोडे चिकटलेल्या पिठाबरोबर परातीत राहिले, म्हणजे कढईत गेले साधारण ४६०. भाजणीत तिचा स्वतःचा ओलावाही असतो. कोरडे दिसणारे पीठही अगदी कोरडे नसते, पाचशे ग्रॅममध्ये तीस-चाळीस ग्रॅम पाणी सहज असते. म्हणजे उडू शकणारे पाणी पाचशेच्या आतबाहेर, आणि कुरकुरीत चकलीत थोडेसे मागे राहते. ४७५ हे अगदी जागेवर बसते.

समजा हाच आकडा ५६० आला असता. एवढे पाणी पिठात नव्हतेच. म्हणजे तेल आपण जास्त मोजले, कुठेतरी गळती धरायची राहिली. आणि ४०० आला असता तर दोन शक्यता आहेत. एकतर चकल्या आत कच्च्या, नरम आहेत, मोडून पाहिले की कळते. त्या कडक असतील तर तेल कमी मोजले गेले आहे, आणि बहुतेक वेळा मध्ये घातलेली बरणी लिहायची राहिलेली असते. पदार्थ तोलून तेल कळत नाही असे मी सुरुवातीला म्हटले, ते एकट्या त्या तोलापुरते खरे. जोडीला कढईचा तोल असला की तोच तोल साक्षीदाराचे काम करतो.

काकांच्या पानासाठी मात्र हिशेब इथे संपत नाही. १६५ ग्रॅम हे कढईतले. मोहनाचे ६० ग्रॅम आधीच पिठात होते. परातीत राहिलेल्या पिठाबरोबर गेलेले सोडले तर चकल्यांत ५८-५९ ग्रॅम पोचले. एका चकलीत ते १.४ ग्रॅम. कढईतले ३.९ आणि हे १.४ मिळून ५.३ ग्रॅम तेल दर चकलीला. तेलाच्या एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरतात, म्हणजे फक्त तेलाच्या चकलीमागे सुमारे ४८. चार चकल्या म्हणजे एकवीस ग्रॅम, चहाचे साडेचार चमचे तेल. काका चहाबरोबर पाच-सहा सहज खातात. काकूंनी वहीतला तो आकडा काही न बोलता त्यांच्यासमोर ठेवला. तिळातला आणि डाळींमधला स्निग्धांश यात धरलेला नाही. तो आपण घातलेल्या तेलात येत नाही, पण आहारतज्ज्ञाने एकूण चरबी विचारली तर तो वेगळा सांगावा लागेल.

भावाच्या हिशेबाला नेमके उलटे. तिथे चकलीतले १६५ धरून भागत नाही. थाळीतले २२ ग्रॅम गाळून कढईत परत घालता येतात, पण झाऱ्याचे आणि ओट्यावरचे गेले ते गेले, चुऱ्यातलेही गेले. शिवाय कढईत उरलेल्या तेलाचे काय करणार हे ठरवावे लागते. काकू ते दोन दिवसांत फोडणीला संपवतात, त्यांना ते खर्चात धरायचे कारण नाही. जे टाकून देतात त्यांनी पूर्ण धरावे. एकाच तेलात पुन:पुन्हा तळणे हा काही तेल वाचवायचा मार्ग नव्हे. दुकानदारांसाठी तर भारतात २०१८ सालापासून नियमच आहे, की तेल तापून बिघडत जाते तसे त्यात वाढणारे ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही.

या तोलाची हद्दही सांगितली पाहिजे. काट्याचा प्रत्येक आकडा एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे असू शकतो आणि आपण असे आठ-दहा आकडे घेतले. शिवाय हवेत गेलेले बारीक तुषार, चिमणीत आणि भिंतीवर बसलेले तेल कागदावर येतच नाही, ते चकल्यांच्याच नावावर पडते. म्हणून १६५ म्हणजे १५५ ते १७० असे मी मनात धरते. दीडशे ग्रॅममध्ये दहाची चूक चालते. पण कुणी चार पुऱ्या तळून त्यांचे तेल काढू म्हणेल तर पुऱ्यांचे तेल वीस-पंचवीस ग्रॅम आणि चूक दहाची, त्या आकड्याला अर्थ राहत नाही. कमीत कमी शंभर ग्रॅम तेल जाईल एवढी तळण असल्याशिवाय काटा काढू नये. पुऱ्या असतील तर चाळीस-पन्नास एका वेळी तळा.

एकदा हात बसला की याच रीतीने दोन तळणींची तुलना करता येते, आणि तोलायची खरी गोडी तिथे आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी तेच प्रमाण घेऊन चकल्या केल्या, फक्त काढायची पद्धत बदलली. आदल्या रात्री काकू चकली झाऱ्याने उचलून सरळ जाळीवर टाकत होत्या. या वेळी झारा कढईवरच तिरका धरून दहा-बारा अंक मोजायचे, हलके दोन हिसके द्यायचे आणि मगच जाळीवर ठेवायची. त्याचे कारण असे. चकली तेलात असताना तिच्यातून वाफ जोराने बाहेर येत असते आणि तीच वाफ तेलाला आत येऊ देत नाही. बुडबुडे थांबून चकली बाहेर निघाली की आतली वाफ गार होऊन आकसते, आत पोकळी होते, आणि अंगाला चिकटलेले तेल ती आत ओढून घेते. म्हणजे बरेचसे तेल कढईबाहेर, पहिल्या मिनिटभरातच आत जाते. ते अंगावर असतानाच, गरम आणि पातळ असताना, गळून गेले तर आत ओढायला उरत नाही. त्या तळणीत हिशेब १४३ वर आला. आधीच्या रात्रीपेक्षा २२ ग्रॅम कमी, आणि हा फरक आमच्या चुकीच्या हद्दीबाहेरचा आहे. पाण्याचा पडताळाही जुळला, म्हणून मी तो खरा मानते.

तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काकूंना त्याच दिवशी मोहनही कमी करून पाहायचे होते, मी करू दिले नाही. दोन्ही बदलले असते तर तेल कशाने घटले ते सांगता आले नसते. मोहन जास्त झाले की चकली जास्त सच्छिद्र होते, तुटते आणि तेल पिते, हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक असते. पण किती पिते ते वेगळे तोलूनच कळेल, आणि त्यासाठी पीठ, पाणी, आच, चकलीची जाडी सगळे तेच ठेवून फक्त मोहन साठ ऐवजी चाळीस ग्रॅम घ्यावे लागेल. ती तळण आम्ही या रविवारी करणार आहोत. वहीचे पान आखून तयार आहे, रिकामी परात आणि झारा यांची वजने वर लिहून ठेवली आहेत.